‘किंवा समतुल्य अर्हता’ : जाहिरातीतले कलम आणि उमेदवाराचा दावा

सरकारी भरतीच्या जाहिरातीत शैक्षणिक अर्हतेखाली आधी एखाद्या पदवीचे किंवा पदविकेचे नाव असते आणि त्यापुढे ‘किंवा शासनाने तिच्याशी समतुल्य म्हणून मान्य केलेली अन्य अर्हता’ असे शब्द येतात. ज्याच्याकडे नेमकी तीच पदवी आहे तो हे शब्द वाचतही नाही. ज्याच्या पदवीचे नाव थोडे वेगळे आहे त्याची निवड मात्र याच शब्दांवर टांगलेली असते. शिकलेले विषय जवळपास तेच, वर्षे तेवढीच, विद्यापीठही मान्यताप्राप्त. मग आपली पदवी समतुल्य नसेल तर कोणाची असेल, असे त्याला वाटते. तो अर्ज भरतो, परीक्षा देतो, गुणवत्ता यादीत येतो आणि कागदपत्र पडताळणीत अपात्र ठरतो. बहुतेक वेळा चूक एकच असते. समतुल्यता हा आपल्या पदवीचा अंगभूत गुण आहे, असे त्याने गृहीत धरलेले असते. कायद्याच्या दृष्टीने समतुल्यता म्हणजे अधिकार असलेल्या कोणीतरी घेतलेला निर्णय. तो निर्णय झालेला नसेल, तर दोन अभ्यासक्रम कितीही सारखे असले तरी समतुल्यता नसते.

सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका १९७४ मध्ये मोहम्मद शुजात अली यांच्या खटल्यात स्पष्ट केली. दोन शैक्षणिक अर्हता तुल्य आहेत की नाहीत हा तांत्रिक प्रश्न आहे, तज्ज्ञांनी अभ्यासक्रम तपासून दिलेल्या मतावर शासनाने तो ठरवावा आणि तो निर्णय मनमानी किंवा गैरलागू गोष्टींवर आधारलेला असल्याखेरीज न्यायालयाने त्यात हात घालू नये, असे तिथे म्हटले आहे. २००८ मध्ये गुरू नानक देव विद्यापीठाच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. समतुल्यता अनुमानाने धरता येत नाही. विद्यापीठाच्या शैक्षणिक मंडळाने तसा विशिष्ट आदेश किंवा ठराव करून तो प्रसिद्ध केलेला असला पाहिजे, असे त्यात सांगितले गेले. महाराष्ट्रातल्या उमेदवारांना जवळचा निकाल २०१९ चा आहे. औषध निरीक्षक आणि सहायक आयुक्त (औषधे) या पदांच्या भरतीत औषधनिर्मिती किंवा औषध चाचणीचा अनुभव आवश्यक होता, आणि संशोधन प्रयोगशाळेतला अनुभव असणाऱ्यांना प्राधान्य मिळणार होते. काही उमेदवारांकडे फक्त हा दुसरा अनुभव होता आणि तो पहिल्याच्या जागी चालावा, असे त्यांचे म्हणणे होते. महाराष्ट्र लोकसेवा आयोग विरुद्ध संदीप वराडे या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. आवश्यक अर्हता कोणती हे नियोक्त्याने ठरवायचे आणि समतुल्यतेचा प्रश्नही न्यायालयाच्या पुनर्विलोकनाच्या कक्षेबाहेरचा आहे, असे न्यायालयाने म्हटले.

त्यामुळे उमेदवाराने पहिल्यांदा एवढेच शोधायचे असते की आपल्या बाबतीत हा निर्णय कोणी घ्यायचा आहे. उत्तर बहुधा जाहिरातीच्या वाक्यातच असते, पण ते नीट वाचावे लागते. ‘शासनाने समतुल्य म्हणून मान्य केलेली’ असे शब्द असतील तर अधिकार शासनाकडे आहे, आणि उमेदवाराला त्या विभागाचा शासन निर्णय दाखवावा लागेल. काही ठिकाणी समतुल्य अर्हतांची यादी आधीच बंद केलेली असते. लिपिक-टंकलेखकासारख्या पदांना लागणारी संगणक अर्हता हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. तिथे एम.एस.-सी.आय.टी., सी.सी.सी., ‘ओ’ स्तर अशी ठरावीक प्रमाणपत्रे शासन निर्णयाने नेमून दिलेली आहेत. एखाद्याने खासगी संस्थेत त्याहून अवघड आणि महागडा अभ्यासक्रम केला असेल, तरी यादीत नाव नसल्यास त्याच्या प्रमाणपत्राचा तिथे उपयोग नाही. बंद यादीपुढे युक्तिवाद चालत नाही; यादीत असलेली परीक्षा मुदतीत देऊन टाकणे हाच व्यवहार्य मार्ग. तिसरा प्रकार म्हणजे नुसते ‘किंवा समतुल्य’, कोणी ठरवायचे याचा उल्लेखच नाही. अशा वेळी निर्णय भरती करणाऱ्या संस्थेकडे जातो, ती आपली छाननी समिती किंवा तज्ज्ञ यांचे मत घेते. उमेदवाराच्या मांडणीला खरी जागा आहे ती इथेच. खासगी कंपन्यांच्या जाहिरातीतले ‘पदवी किंवा समकक्ष’ हेही याच प्रकारातले. तिथे ठरवणारा माणूस बहुधा त्या विभागाचा प्रमुख असतो, त्याच्यावर सेवाप्रवेश नियमांचे बंधन नसते आणि कामाचा अनुभवही तो पदवीच्या पारड्यात टाकू शकतो.

जाहिरात हा मात्र शेवटचा शब्द नाही. सरकारी पदांसाठी संविधानाच्या अनुच्छेद ३०९ खाली सेवाप्रवेश नियम केलेले असतात आणि राजपत्रात प्रसिद्ध होतात. महामंडळे आणि विद्यापीठे यांचे आपापले विनियम असतात. जाहिरात या नियमांवरून तयार होते, आणि दोन्हींत तफावत निघाली तर नियम प्रभावी ठरतात. जाहिरातीच्या सुरुवातीला किंवा अर्हतेच्या कलमाशेजारी नियमांचे नाव व तारीख बहुतेक वेळा दिलेली असते. ते नियम मिळवून मूळ वाक्य वाचले की अनेकदा गुंता सुटतो. जाहिरातीत संक्षेपासाठी गाळलेली एखादी शाखा मूळ नियमात असू शकते. उलट जाहिरातीत सैल वाटणारा शब्द नियमात घट्ट बांधलेलाही आढळतो. शासन निर्णय शोधायचे तर gr.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर ‘समतुल्य’, ‘समकक्ष’ आणि ‘समकक्षता’ असे तिन्ही शब्द घालून पाहावे लागतात. वेगवेगळ्या विभागांनी वेगवेगळा शब्द वापरला आहे, आणि एकाच शब्दावर शोध थांबवला तर हवा तो निर्णय हाती लागत नाही. सामान्य प्रशासन, उच्च व तंत्रशिक्षण आणि ज्या विभागाचे पद आहे तो विभाग, या तिन्ही ठिकाणी पाहिलेले बरे.

पडताळणीच्या वेळी हमखास दिसणारा एक घोळ मान्यता आणि समतुल्यता यांच्यातला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आपल्या विद्यापीठाचे नाव आहे, असे पत्र उमेदवार घेऊन येतो. त्या पत्रावरून एवढेच सिद्ध होते की ती पदवी खरी आणि वैध आहे. वनस्पतिशास्त्राची वैध पदवी सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदवीशी समतुल्य ठरत नाही, हे उघड आहे. पण नावे जवळची असली की हाच भेद नजरेआड होतो. दूरशिक्षणाच्या बाबतीत मात्र गोष्ट उलटी आहे. मुक्त व दूरस्थ शिक्षणाच्या २०२० च्या विनियमांनुसार मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ पद्धतीची पदवी त्याच नावाच्या नियमित पदवीशी तुल्य धरली जाते, म्हणजे तिथे मान्यतेचा पुरावा हाच समतुल्यतेचाही पुरावा होतो. फक्त त्या संस्थेला, त्या अभ्यासक्रमासाठी आणि उमेदवाराच्या प्रवेशाच्या वर्षी परवानगी होती, हे तीनही दाखवता आले पाहिजे. परदेशी पदवीसाठी भारतीय विद्यापीठ संघ वर्षानुवर्षे समकक्षता प्रमाणपत्र देत आला. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी स्वतःचे विनियम लागू केले आहेत. हे प्रमाणपत्र सहसा ‘भारतीय पदवीशी तुल्य’ एवढेच सांगते. अमुक शाखेशी तुल्य की नाही हा प्रश्न त्यानंतरही उरू शकतो.

सर्वांत जास्त वाद होतात ते वरच्या अर्हतेवरून. पदविका मागितली आणि उमेदवाराकडे पदवी आहे, आयटीआय मागितले आणि उमेदवाराकडे पदविका आहे. तर तो पात्र ठरलाच पाहिजे, असे कोणालाही वाटेल. याला सरसकट उत्तर नाही, आणि याबाबतचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. केरळ राज्य विद्युत मंडळाच्या उपअभियंता पदासाठी विद्युत अभियांत्रिकीची पदविका मागितली होती आणि बी.टेक. झालेल्यांना लोकसेवा आयोगाने बाहेर ठेवले होते. २०१० मध्ये ज्योती के. के. यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बी.टेक. उमेदवारांच्या बाजूने निकाल दिला. त्यामागचे कारण महत्त्वाचे आहे. केरळच्या सेवा नियमांत असा एक नियमच होता की जी वरची अर्हता खालची अर्हता गृहीत धरते, ती त्या पदाला पुरेशी समजावी. २०१८ मध्ये जम्मू-काश्मीरच्या वीज खात्यातील तंत्रज्ञ पदाचा वाद त्याच न्यायालयापुढे आला. तिथे दहावी आणि संबंधित व्यवसायातील आयटीआय मागितले होते, तर काही उमेदवारांकडे अभियांत्रिकी पदविका होती. झहूर अहमद राथर यांच्या या खटल्यात न्यायालयाने पदविकाधारकांचा दावा फेटाळला. केरळसारखा नियम इथे नव्हता, आणि नियम नसताना वरची अर्हता खालचीला आपोआप पोटात घेते असे धरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या दुसऱ्या निकालातला एक विचार पुष्कळ उमेदवारांच्या लक्षात येत नाही. शासन एखाद्या पदाला मुद्दाम कमी अर्हता ठेवू शकते, कारण त्या पातळीवर शिकलेल्यांनाही कामाची संधी मिळावी हा त्यामागचा हेतू असतो. शिवाय आयटीआयमध्ये हाताने काम करण्याचा जो सराव होतो तो पदविकेत त्याच प्रमाणात होतोच असे नाही. अर्हता पायऱ्यांसारख्या एकीवर एक रचलेल्या नसतात. काही शेजारीशेजारी असतात. कधी तर वरची अर्हता असणे हेच अपात्रतेचे कारण होते. पंजाब नॅशनल बँकेने शिपाई पदासाठी पदवीधर नसलेलेच उमेदवार मागवले होते. एका पदवीधराने पदवी लपवून नोकरी मिळवली आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दिलासा नाकारला. म्हणून पदवी घेऊन पदविकेच्या पदाला अर्ज करणाऱ्याने ‘माझे शिक्षण जास्त आहे’ एवढ्यावर विसंबू नये. वरच्या अर्हतेला जागा देणारा नियम आहे का ते आधी पाहावे. नसेल तर पदविकेची गाभ्याची शिकवण पदवीत प्रत्यक्ष झाली आहे हे दाखवावे आणि त्याचा भरवसा बेताचाच धरावा.

तारखेचा मुद्दा थोडक्यात संपतो, पण त्यावर निवड झालेले लोकही बाद झाले आहेत. अर्हता कोणत्या दिनांकास धारण केलेली हवी हे नियमात असेल तर तो दिनांक, नसेल तर जाहिरातीतला, आणि तिथेही नसेल तर अर्ज स्वीकारण्याचा अंतिम दिनांक, हा क्रम न्यायालयांनी पक्का केला आहे. समतुल्यतेचा आदेशही शक्यतो त्या दिनांकापूर्वीचा असावा. नंतरचे प्रमाणपत्र ‘आधीपासूनच तुल्य होती’ असे सांगत असले तर काही संस्था ते घेतात, काही घेत नाहीत. विद्यापीठातून असे पत्र मिळायला अभ्यासमंडळाची बैठक लागू शकते आणि त्यात काही महिने जाऊ शकतात. जाहिरात निघाल्यावर धावपळ सुरू करणाऱ्याला ते जमत नाही. ज्याच्या पदवीचे नाव वेगळे आहे त्याने पदवी हाती येताच हे काम उरकावे.

आता एक काल्पनिक प्रकरण तपशिलाने पाहू. एका वीज कंपनीला सहायक अभियंता हवे आहेत आणि जाहिरातीत ‘विद्युत अभियांत्रिकीतील पदवी किंवा समतुल्य’ एवढेच आहे. उमेदवाराकडे ‘इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स अँड पॉवर’ या शाखेची पदवी आहे. मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत या नावाची शाखा चालत आली आहे. कोणी ठरवायचे ते जाहिरातीत नाही, म्हणजे मांडणीला जागा आहे. कंपनीचे सेवा विनियम काढून पाहिल्यावर तिथेही तेच शब्द आढळतात, शाखांची यादी नाही.

तो प्रथम तयार निर्णय शोधतो. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने एप्रिल २०१७ मध्ये अभियांत्रिकीच्या मुख्य शाखा आणि त्यांना संबंधित शाखा यांची यादी अधिसूचित केली आहे. हा कागद जोडण्यासारखा आहे, पण त्याची मर्यादा माहीत हवी: ती यादी अध्यापक पदांच्या भरतीसाठी काढलेली आहे. वीज कंपनी तिला बांधील नाही. म्हणून अर्जात तिचा उल्लेख आधार म्हणून करावा, आदेश म्हणून नव्हे. तसे केले तर छाननी करणाऱ्याचा बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो. दुसरा कागद स्वतःच्या विद्यापीठाचा. विद्युत अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी विद्यापीठ ही शाखा पात्र धरते, असे कुलसचिव कार्यालयाचे पत्र मिळाले तर त्याला वजन असते. तिसरा, आणि माझ्या मते सर्वांत प्रभावी, म्हणजे त्याच कंपनीचा पूर्वीचा व्यवहार. आधीच्या एखाद्या जाहिरातीत या शाखेचे नाव स्पष्ट होते किंवा या शाखेचे उमेदवार पूर्वी निवडले गेले, हे दाखवता आले तर आज वेगळा निर्णय घेण्याचे कारण कंपनीला द्यावे लागते. ही माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते.

यानंतर विषयांची तुलना. तुलनेसाठी दुसरी बाजू कोणती घ्यायची हे विचारपूर्वक ठरवावे. त्याच विद्यापीठाचा, त्याच वर्षांचा विद्युत अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम घेणे सर्वांत चांगले, कारण मग दर्जाचा प्रश्न उद्भवत नाही. अलीकडच्या पदव्यांत श्रेयांक असतात: आठवड्याच्या एका तासाच्या व्याख्यानाला एक आणि दोन तासांच्या प्रात्यक्षिकाला एक. जुन्या पदव्यांत श्रेयांक नसतात, तेव्हा योजनेतले आठवड्याचे तास घ्यावेत. विषयाच्या नावावर विसंबू नये, घटकांपर्यंत उतरावे. समजा, विद्युत शाखेत गाभ्याचे १८ विषय आहेत. परिपथ विश्लेषण, विद्युत यंत्रे, विद्युत प्रणाली, स्विचगिअर व संरक्षण, नियंत्रण प्रणाली, मापन असे १५ विषय त्याच्या योजनेत त्याच किंवा थोड्या वेगळ्या नावाने, तेवढ्याच तासांचे आहेत. एक विषय कमी तासांचा आहे. उच्च दाब अभियांत्रिकी आणि विद्युत ऊर्जेचा उपयोग हे दोन विषय नाहीत. त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक्सचे विषय आहेत.

हे दोन विषय गाळून तक्ता गुळगुळीत करण्याचा मोह होतो. तो टाळावा. समितीतले तज्ज्ञ त्याच विषयाचे असतात आणि ते आधी उणीवच शोधतात. उमेदवाराने ती स्वतः लिहावी आणि पुढे पदाच्या कर्तव्यांशी तिचा संबंध लावावा. जाहिरातीत कर्तव्ये उपकेंद्रांची देखभाल, वितरण वाहिन्या आणि संरक्षण यंत्रणा अशी दिली असतील तर त्यासाठीचे विषय पूर्ण झाले आहेत, एवढे म्हणणे पुरेसे आहे. उच्च दाबाचे काही घटक विद्युत प्रणालीच्या विषयात आले असतील तर पृष्ठक्रमांकासह तेही दाखवावे. अभ्यासक्रमाच्या प्रती विद्यापीठाने साक्षांकित केलेल्या असाव्यात. संकेतस्थळावरून छापलेले कागद अनेक ठिकाणी घेत नाहीत.

सोबतचा अर्ज एका पानाचा असावा. त्याचा गाभा असा लिहिता येईल: ‘जाहिरातीतील अर्हतेच्या कलमात विद्युत अभियांत्रिकीतील पदवी किंवा समतुल्य अर्हता आवश्यक आहे. अर्जदाराची पदवी इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स अँड पॉवर या शाखेतील असून ती अंतिम दिनांकापूर्वी प्राप्त झालेली आहे. त्याच विद्यापीठाच्या विद्युत शाखेतील १८ गाभा विषयांपैकी १५ विषय अर्जदाराने समान तासांत पूर्ण केले आहेत. तुलना तक्ता सोबत जोडला आहे. उर्वरित तीन विषयांबाबतचे स्पष्टीकरण तक्त्याखाली दिले आहे. ही अर्हता समतुल्य म्हणून ग्राह्य धरावी आणि ग्राह्य नसल्यास सकारण निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.’ शेवटचे वाक्य सौजन्याचे दिसते, पण पुढे वाद झाला तर तेच उपयोगी पडते.

ऑनलाइन अर्जात अडचण वेगळी येते. पदवीची नावे यादीतून निवडायची असतात आणि त्यात आपले नाव नसते. तेव्हा जवळचे नाव निवडून पुढे जाणे धोक्याचे आहे, कारण ते चुकीचे निवेदन ठरू शकते आणि निवड रद्द करायला तेवढे कारण पुरते. ‘इतर’ हा पर्याय असेल तर तो निवडून पदवीचे पूर्ण नाव लिहावे. तो नसेल तर मदत कक्षाला मुदतीतच लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे आणि अपलोडच्या जागी वरील अर्ज व तक्ता एकाच फाइलमध्ये द्यावा.

एवढे करूनही अर्ज नाकारला गेला तर प्रथम तात्पुरत्या अपात्र यादीवर हरकत घ्यायची असते. तिची मुदत फार थोड्या दिवसांची असते, म्हणून संस्थेचे संकेतस्थळ रोज पाहावे लागते. हरकतीत नवा भावनिक मजकूर नको. छाननीत कोणता कागद पाहिला गेला नाही तेवढेच दाखवावे. त्यानंतरचा मार्ग राज्य शासनाच्या पदांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातो, तर महामंडळांच्या बाबतीत बहुधा उच्च न्यायालयाकडे. तिथे काय टिकते हे वरच्या निकालांवरून कळते. समतुल्यतेचा आदेश होता पण तो विचारात घेतला नाही, नियमाचे शब्द चुकीचे वाचले, त्याच अर्हतेच्या दुसऱ्या उमेदवाराला घेतले आणि याला नाकारले, किंवा कारणच दिले नाही, अशा तक्रारी ऐकल्या जातात. ‘माझा अभ्यासक्रम तेवढाच चांगला आहे, न्यायालयाने तो तपासावा’ ही मागणी जवळपास नेहमीच फेटाळली जाते. न्यायाधिकरणाकडे जायची सर्वसाधारण मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष आहे, पण भरतीच्या प्रकरणात वर्षभर थांबणे परवडत नाही: नियुक्त्या झाल्यावर निवडलेल्या उमेदवारांनाही प्रतिवादी करावे लागते आणि रिकामी जागा बहुधा उरलेली नसते.